वाफेनंतरचा ढग

"पाऊस कसा पडतो हे गाण्यातून, हातवारे करत शिकवते. वाफ वर जाते इथपर्यंत मुलं छान हात हलवतात, पण ढग कसा होतो हे कळलेलं दिसत नाही. काय करू?"

तिथे हातवाऱ्याच्या आधी वस्तू दाखवा. काचेच्या बरणीत चार बोटं गरम पाणी घ्या, उकळतं नको. वर स्टीलची ताटली झाकून तिच्यात बर्फ ठेवा. पाच-सात मिनिटांनी ताटली उचला, खालून थेंब लोंबत असतील. "हे कुठून आले?" विचारलंत की बरीच मुलं म्हणतील, "बर्फ गळला!" हे उत्तर खोडू नका, तपासू द्या. त्यासाठी बर्फ लाल रंग घालूनच बनवा. ताटलीत लाल पाणी आणि खाली बिनरंगी थेंब दिसले की मुलं स्वतःच बरणीतल्या पाण्याकडे बोट दाखवतात. (ताटली सरळ उचला, तिरकी झाली तर लाल पाणी कडेवरून खाली येतं आणि सगळंच फसतं.)

मग गाणं:

ऊन लागलं, पाणी उडालं
वर वर गेलं, गार झालं
थेंबाला थेंब, झाला ढग
सर सर सर पाऊस बघ!

"उडालं"ला बोटं फाकवून हात वर, मुलं लांब लांब पांगलेली. खरी वाफ दिसत नाही, म्हणून इथे कापूस नको. "गार"ला अंग आक्रसून जवळ यायचं. "ढग"ला सगळी एकमेकांना चिकटली की मगच कापूस डोक्यावर धरा. ओळ म्हणताना "गार" शब्दावर थांबा, घाईत नेमका तोच निसटतो.