मदत हवी आहे: टॉवेलच्या कडेला हिरवट झाक राहते, बॅकग्राउंड नीट निघत नाही

टेरीवाला
दोन दिवस झाले, डोकं बधिर झालंय. आमच्या 46 टॉवेलांचे फोटो ऑनलाइन विक्रीसाठी काढलेत. साइटला मागे शुद्ध पांढरं लागतं, म्हणून नव्या पेठेतनं हिरवं कापड आणून त्यावर फोटो काढले. आता हिरवं उडवलं की कडेला हिरवट रेघ राहते. ती घालवायला जावं तर टॉवेलच्या दशाच खाल्ल्या जातात. परवा अपलोड करायचेत. कोणतं सॉफ्टवेअर वापरू तेवढं सांगा, बाकी काही नको.

कडक_भाकरी
सॉफ्टवेअर कशाला मालक? फोनमध्ये पोर्ट्रेट मोड लावा, मागचं आपोआप धूसर होतं. मग कापायला सोपं.

प्रकाशवेडा
पोर्ट्रेट मोड अजिबात नको. फोन कडा अंदाजाने ठरवतो आणि दशा, लूप असलं बारीक काही दिसलं की तेही धूसर करून टाकतो. एकदा पुसलेली दशा परत येत नाही.
टेरीवाला, टॉवेल कोणत्या रंगाचे? कापडापासून टॉवेल किती लांब होता? उजेड कुठून होता?

टेरीवाला
बरेचसे पांढरे, काही रंगीत. उजेड भरपूर आहे, दोन ट्यूब. फोनचा कॅमेरा चांगला आहे. सॉफ्टवेअर सांगा ना.

हिरवापडदा
कापड बरोबर आणलंय तुम्ही. सिनेमावाले उगाच हिरवं वापरत नाहीत, कॅमेऱ्याच्या सेन्सरमध्ये हिरवे टिपणारे बिंदू लाल किंवा निळ्या बिंदूंच्या दुप्पट असतात. मी लग्नाच्या व्हिडिओत दहा वर्षं हेच करतोय. तुमच्या कापडाला सुरकुत्या असणार. इस्त्री करा, सगळीकडे सारखा उजेड पाडा.

प्रकाशवेडा
बिंदूंचं बरोबर आहे. पण तुमच्यासमोर माणूस उभा असतो, तोही पडद्यापासून पाच-सहा फूट पुढे. इथे पांढरा टॉवेल आहे आणि पांढऱ्यावर जवळचा रंग लगेच चढतो. म्हणून पुन्हा विचारतो, अंतर किती?

टेरीवाला
अंतर कसलं ओ? कापड टेबलावर अंथरलंय, त्यावर टॉवेलची घडी ठेवलीय. वरनं फोटो.

प्रकाशवेडा
हे आधी सांगितलं असतं तर इस्त्रीपर्यंत गाडी गेली नसती :)

तुमच्याकडे दोन वेगळे त्रास एकाच वेळी झालेत. पहिला असा, की कापडावर पडलेला उजेड हिरवा होऊन वर उसळतो आणि टॉवेलच्या बाजूंना लागतो. दुसरा त्याहून अवघड आहे. टेरीचे लूप आणि दशा यांच्या फटींतून मागचं कापड दिसतं, त्यामुळे कडेच्या एकाच पिक्सेलमध्ये थोडा टॉवेल आणि थोडं हिरवं मिसळलेलं असतं. तो पिक्सेल ठेवला तर हिरवी रेघ, काढला तर दशा गेली. तुमची तक्रार शब्दशः हीच आहे.

कुठला त्रास किती, हे फोटो मोठा करून कळतं. घडीच्या आत, कडेपासून बोटभर लांबही हिरवट दिसत असेल तर तो उसळलेला उजेड. फक्त दशांच्या टोकांना दिसत असेल तर मिसळलेला रंग.

उसळलेला उजेड अंतराने जातो, मिसळलेला रंग अंतराने जात नाही. त्यासाठी मागचा रंगच बदलावा लागतो. शेवटी पांढऱ्यावरच ठेवायचं आहे ना? मग मागे पांढरंच ठेवा. दशेत तेच मिसळलं तरी कुणाला खटकणार नाही.

हिरवापडदा
पांढऱ्यावर पांढरं? कापणार कसं? कडाच दिसणार नाही.

प्रकाशवेडा
रंगाने वेगळं होत नसेल तर उजेडाने वेगळं करायचं. टॉवेल भिंतीपासून चार-पाच फूट पुढे काठीला टांगा. एक ट्यूब टॉवेलच्या मागे, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी, फक्त भिंतीवर. दुसरी टॉवेलच्या बाजूने, थोडी पुढून, म्हणजे लूपांची सावली पडून पोत दिसतो. आता पुढची ट्यूब बंद करून एक फोटो घ्या. टॉवेल काळसर आणि त्याची कड स्वच्छ दिसली पाहिजे. कड धुरकट होऊन पांढऱ्यात विरघळत असेल तर भिंत फार उजळलीय किंवा टॉवेल भिंतीला फार जवळ आहे.

सुनंदा_चटणीवाल्या
माझ्या शेंगा चटणीच्या पाकिटांवर ट्यूबची पांढरी पट्टी येते. तीही अशीच अंतर ठेवून जाईल का?

प्रकाशवेडा
नाही ताई, ती चकाकी. पाकीट जरा तिरकं करा किंवा ट्यूब बाजूला सरकवा. वेगळा धागा काढा, तिथे सांगतो.

कडक_भाकरी
टॉवेल ठीक आहे, पण सोलापुरी चादर म्हणून बाहेरच्या गावचा माल विकतात त्यावर कोण बोलणार?

टेरीवाला
अण्णा, तो धागा दर महिन्याला निघतो, तिथे बोला. मला परवा द्यायचंय.
माझी खोली 10 बाय 12, अर्ध्या खोलीत माल. पाच फूट कुठून आणू?

प्रकाशवेडा
कोपऱ्यातून तिरपं धरा. कर्ण साडेपंधरा फुटांचा पडतो, वाट तेवढी मोकळी करा. तरी नाही जमलं तर तीन फुटांवरही चालेल, कारण भिंत पांढरी असेल तर उसळणारा उजेडही पांढराच. हिरव्याला ही सूट नव्हती. फोन मात्र लांब ठेवून दुप्पट झूमवर घ्या, म्हणजे भिंतीचा छोटासाच भाग पुरतो.
घड्या टेबलावर पसरू नका. घडीपेक्षा लहान पाट घ्या, पांढऱ्या कागदात गुंडाळा आणि त्यावर घडी अशी ठेवा की कडा बाहेर येतील. खालची कड मोकळी झाली की निम्मं काम झालं.

टेरीवाला (रात्री)
केलं. टांगलेल्या टॉवेलच्या दशा पहिल्यांदाच शाबूत आल्या. पण भिंत राखाडी आली आणि टॉवेलही मळका वाटतोय.

प्रकाशवेडा
फोनला सगळं पांढरं दिसलं की तो आपणहून उजेड कमी करतो. टॉवेलवर बोट दाबून एक्स्पोजर लॉक करा आणि थोडं वर सरकवा. मग एडिटरमध्ये ठिकठिकाणी रंगाचा आकडा बघा. भिंत 245 च्या पुढे आणि टॉवेलचा सर्वात उजळ भाग 230 च्या आसपास असू द्या. दोन्ही 255, म्हणजे पूर्ण पांढरे, झाले तर लूप गेले समजा.

हिरवापडदा
एवढ्यापेक्षा फिकट राखाडी कापड लावा आणि मोकळे व्हा. मी आता हिरव्याची बाजू घेत नाही, पण पांढऱ्या भिंतीवर 46 फोटो सारखे येणं अवघड. सकाळ-संध्याकाळ खिडकीचा उजेड बदलतो.

प्रकाशवेडा
राखाडीत कापायला सोपं, पण दशांत राखाडी मिसळते आणि पांढऱ्यावर ठेवल्यावर कड मळकट दिसते. खिडकीला पडदा लावा, नाहीतर रात्रीच काढा.

हिरवापडदा
मळकट कड मोठी करून कोण बघतंय?

टेरीवाला
गिऱ्हाईक बघतं. टॉवेल परत पाठवताना तर नक्की बघतं.
बरं, जुन्या फोटोंचं काय? सगळे परत काढायला वेळ नाही.

प्रकाशवेडा
अगदी पांढरे टॉवेल वाचतील. एडिटरमध्ये फक्त हिरव्याची आणि पिवळ्याची रंगतीव्रता शून्यावर आणा. पांढऱ्यात ते रंग मुळात नसतात, त्यामुळे नुकसान नाही. घडीच्या आतली झाकही जाते. कड थोडी काळपट राहील.

टेरीवाला
मेंदी रंगाच्या काठाचे सात आहेत. त्यांचा काठच कापडाबरोबर उडालाय.

प्रकाशवेडा
ते सात आणि बाकी रंगीत, पुन्हा काढा. आज रात्रीच.

टेरीवाला
ट्यूब फक्त दोनच आहेत आणि एक लुकलुकतीय. फोटोत आडवे पट्टे येतायत.