लॅपेल, गाठ आणि खिशातला रुमाल: मराठीत नेमकं काय लिहायचं?

स्टुडिओवाला, राजारामपुरी
बायोडाट्याच्या फोटोसाठी येणाऱ्या बऱ्याच पोरांकडं सूट नसतो. मग ॲपमध्ये वाक्य लिहून फोटोवर सूट चढवतो. काल लिहिलं, "काळा सूट, लाल टायची गाठ, रुंद लॅपेल, खिशात रुमाल." लॅपेल पार खांद्याच्या शिवणीपर्यंत पसरला, गाठ गोल गोळा झाली आणि खिशातून टायच्याच कापडाचा चुरगळा बाहेर आला. पोरगं म्हणालं, "दादा, कोट भाड्याचा दिसतोय." लॅपेलला धड मराठी शब्द आहे का? आणि रुंदी लिहायची की पन्हा?

गंगावेशकर
शब्द आपलाच आहे की! लपेटणे, त्यावरून लॅपेल. पन्हा लिहा, शुद्ध मराठी.

मराठीच्या बाई
लपेटण्याशी त्याचा संबंध नाही. इंग्रजीत कपड्याच्या लोंबत्या पदराला लॅप म्हणत, लॅपेल म्हणजे छोटा लॅप. म्हणून मी "दुमड" म्हणेन. कॉलरखालून कोटाची कड बाहेर दुमडते तो भाग. आणि पन्हा कापडाचा असतो, ठाणाच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत. शिवलेल्या कोटाला रुंदीच.

जुना कारागीर, महाद्वार रोड
बाई, चाळीस वर्षं कोट शिवले. "मास्तर, दुमड बारीक करा" असं एकही गिऱ्हाईक म्हणालं नाही. लॅपेलच म्हणतात.

पण स्टुडिओवाले, तुमची अडचण शब्दाची नाही. नुसतं "रुंद" म्हणजे किती? मी टेपनं मोजतो, साधारण सव्वातीन इंच बहुतेकांना शोभतो. फोटोला टेप लागत नाही, तिथं इंच लिहून उपयोग नाही. अंगावरच्या खुणा सांगा. कॉलर आणि खांद्याची शिवण यांच्या मधल्या अंतराच्या निम्म्यावर लॅपेलचं टोक यावं. आणि टायची सगळ्यात रुंद जागा लॅपेलएवढीच ठेवा. रुंद लॅपेलवर बारीक टाय आली की कोट मागून आणलेला वाटतो.

मंगळवार पेठ
माझ्या लग्नात सासऱ्यांनी सूट घातलेला, मी फेटा. फेट्याच्या शेमल्याला कुणी इंग्रजी शब्द शोधत नाही, मग आपण का शोधायचा? शिवाय टायची निरगाठ असते, "गाठ" एवढंच अपुरं आहे.

मराठीच्या बाई
निरगाठ पक्की बसते, सहजी सुटत नाही. टायची गाठ बारक्या टोकावरून वर-खाली सरकते. ती सुरगाठीच्या जातीची.

जुना कारागीर, महाद्वार रोड
हे बाईंचं पटलं. पण चित्रात सरकणं दिसत नाही, आकार दिसतो. "वर रुंद, खाली निमुळती, कॉलरच्या दोन पात्यांमधली जागा भरणारी, वरचं बटण झाकणारी" असं लिहा. विंडसर ही जाड गाठ लिहिली तर कॉलरही पसरट मागा, नाहीतर गाठ पात्यांना ढकलते. पोरगं सडपातळ असेल तर फोर-इन-हँड ही बारीक गाठ बरी. ती किंचित तिरकी बसते, तशीच राहू द्या. आणि गाठीखाली मधोमध एक खळी हवी. हातानं बांधलेली टाय त्या खळीवरून ओळखू येते.

गंगावेशकर
खळी गालावर पडते. कापडाला चुणी.

मराठीच्या बाई
चुणी म्हटलं तर परकराच्या चुण्यांसारख्या रांगेनं पडतील. इथं एकच खोलगट जागा आहे, खळी अगदी बरोबर. खरी गडबड रुमालात आहे. फारसीत रू म्हणजे तोंड, माल म्हणजे पुसणं. नुसतं रुमाल लिहिलं की वापरून कोंबलेला हातरुमालच येणार.

स्टुडिओवाला, राजारामपुरी
आज पुन्हा लिहिलं: "लॅपेलचं टोक कॉलर आणि खांद्याच्या शिवणीच्या बरोबर मध्यावर. टाय लॅपेलएवढी रुंद. गाठ निमुळती, कॉलरमध्ये घट्ट, खाली एक खळी. डाव्या छातीच्या खिशात पांढरा सुती रुमाल, सपाट घडी, खिशाच्या तोंडाला समांतर एक बारीक पट्टी दिसेल. कोटाची कॉलर शर्टाच्या कॉलरला चिकटलेली, मध्ये फट नाही."

खूप फरक पडला. "पांढरा सुती" म्हटल्यावर टायचं कापड खिशातून गेलं. पण खिसा उजवीकडं आला.

जुना कारागीर, महाद्वार रोड
मूळ फोटो सेल्फी आहे का? शर्टाची बटणपट्टी बघा. पुरुषाच्या शर्टाची डावी बाजू उजवीवर येते. उलटं दिसलं तर फोटोच आरशातला आहे. आधी तो पलटा, मग सूट चढवा.

स्टुडिओवाला, राजारामपुरी
व्हय, बटणपट्टी उलटीच आहे. पलटून घेतो.

मंगळवार पेठ
पण सुरगाठ म्हणजे नाडीची गाठ ना? ओढली की सुटणारी? टाय ओढली तर आवळते.

मराठीच्या बाई
आमच्याकडं फासाच्या गाठीलाही सुरगाठच म्हणत. तुमच्याकडं काय म्हणतात?

गंगावेशकर
सरकगाठ.