मदत हवी आहे: कोरड्या पॅनमध्ये साखर जाळते तेव्हा कॅरमेल कडूच होतंय

सई_इंदूर

नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितेय. रविवारी आमच्याकडे सासऱ्यांची पंचाहत्तरी आहे, चौदा माणसं जेवायला, आणि बाबांनी स्वतःहून मागितलेली एकच गोष्ट म्हणजे कॅरमेल पुडिंग. त्यांचं दातांचं काम चालू आहे म्हणून मऊ काहीतरी हवंय आणि हे त्यांना मनापासून आवडतं.

आठ दिवसांत तीनदा करून बघितलं. पहिल्या वेळी घाबरून लवकर उतरवलं तर नुसतं गोड, कॅरमेलची चवच नाही. नंतरचे दोन्ही कडू, म्हणजे घशाशी लागेल असे कडू, सगळं पुडिंग फेकावं लागलं.

करते कशी ते सांगते. १०० ग्रॅम साखर, नेहमीची जाड दाण्याची, २४ सेंमीचा काळा नॉनस्टिक पॅन, मोठा बर्नर, मध्यम आच, पाणी अजिबात नाही. तीनेक मिनिटांत कडेची साखर वितळून तपकिरी व्हायला लागते आणि मधे पांढरे दाणे तसेच. मग मी चमच्याने ढवळते की त्याचे खडे होतात, ते विरघळेपर्यंत थांबते आणि तेवढ्यात धूर निघतो. टोचायचा थर्मामीटर मागवला, तर धूर निघत असताना तो १४० दाखवत होता! सगळीकडे १७० लिहिलंय. थर्मामीटर खराब आहे की माझं काही चुकतंय?

मंदार_क

सई, कोरडं कशाला करतेस? तीन-चार चमचे पाणी घाल, लिंबाचे दोन थेंब, म्हणजे साखर सगळी एकसारखी विरघळते आणि खडे होत नाहीत. ढवळलं की साखर परत दाणेदार होते, हे तर सगळ्यांना माहीत आहे. आणि मला वाटतं कडूपणा कुकरमधून येतोय. तू डबा कुकरमध्ये ठेवतेस ना, तिथे तळाला कॅरमेल परत जळत असणार.

सुधाकाकू_लोकमान्यनगर

सई बाळा, पाकाचं सगळं गणित तारेवर असतं. दोन बोटांत धर, एकच तार आली की गॅस बंद. मी रव्याच्या लाडवाचा पाक पस्तीस वर्षं असाच करते, एकदाही बिघडला नाही. थर्मामीटर वगैरेची काही गरज नाही. तू पाणी घालायला विसरतेस का गं?

सई_इंदूर

काकू, पाणी विसरत नाही, मुद्दामच कोरडं करतेय, कारण पाण्याचं केलं तेव्हा अर्धा तास उभी होते आणि शेवटी कढईच्या कडेला साखर जमून सगळं दगड झालं 😔

भट्टी_घरची

सईताई, मी बारा वर्षं हॉटेलच्या मिठाई-बेकरीच्या किचनमध्ये होतो, आता सुदामानगरला घरूनच ऑर्डर घेतो. कोरडं कॅरमेल रोजचं काम आहे म्हणून सविस्तर लिहितो.

आधी काकूंना. काकू, तुमची तार अगदी बरोबर आहे पण ती पाण्याच्या पाकाची. एकतारी पाक १०५ अंशांच्या आसपास असतो, त्यात पाणी भरपूर असतं. इथे पाणीच नाही, साखर दीडशेच्या वर गेल्यावर रंग धरते, आणि यात बोट घालायचं नाही, कृपा करून कोणीही घालू नका, हे कातडीला चिकटून राहतं. शेजारी गार पाण्याचं भांडं ठेवूनच काम करा.

मंदारभाऊ, पाणी-लिंबाची पद्धत चांगली आहे, पण दाणेदार व्हायची भीती पाण्याच्या कॅरमेलमध्ये असते. कोरड्यात ढवळल्यावर होतात ते न वितळलेल्या साखरेचे गोळे, त्यांना वितळलेली साखर चिकटते एवढंच, मंद आचेवर ते परत वितळतात. आणि कुकरात पाणी आहे तोवर आत १२० च्या वर जातच नाही, बिनशिट्टीचा असेल तर १००. तेवढ्यात कॅरमेल जळत नाही. कडूपणा पॅनमध्येच आलाय. ओतताना दोन थेंब ताटलीवर टाकायचे आणि गार झाल्यावर चाखायचे, तिथेच कळतं.

आता तुमचं खरं दुखणं, सईताई. तुमच्या पॅनमध्ये एकाच वेळी दोन साखरा आहेत. कडेची जळायला आलेली आणि मधली अजून पांढरी. तुम्ही मधल्यासाठी थांबता आणि तेवढ्यात कडेची गेलेली असते. आणि थोडं जळालेलं कॅरमेलसुद्धा सगळी चव बिघडवतं, ढवळल्यावर ते सगळ्यात मिसळतं आणि वरून कितीही साखर घाला, कडू कडूच राहतं.

म्हणून साखर एकदम घालायची नाही. १०० ग्रॅमचे तीन भाग करा. पॅन स्टीलचा, आतून पांढरट दिसणारा, जाड बुडाचा, २० सेंमीचा. काळ्या पॅनमध्ये रंग दिसतच नाही, तुम्ही तपकिरी समजता तेव्हा ते पुढे गेलेलं असतं. छोटा बर्नर, मंद आच. पहिला भाग पातळ पसरवा आणि हात लावू नका. कडेला पाण्यासारखं दिसायला लागलं की पॅन उचलून गोल फिरवा. बहुतेक वितळलं की दुसरा भाग जिथे वितळलंय तिथे भुरभुरवा, मग तिसरा. गोळे राहिले तर आच आणखी कमी करा, चमच्याने हलकेच दाबा. रंग आला आणि दोन-चार खडे राहिले तर ते राहू द्या, गाळणीतून ओता. खड्यांसाठी थांबायचं नाही, हे पक्कं लक्षात ठेवा.

रंग असे ओळखा, आकडे अंदाजाने धरा. १६० च्या आसपास पातळ मधासारखा, वास नुसता गोड, उतरवलं तर तुमच्या पहिल्या वेळेसारखं होतं. १७० ला ताज्या कोऱ्या चहाचा तांबूस रंग, वास भाजल्यासारखा, बटरस्कॉचच्या गोळीसारखा. १८० ला काकवीकडे झुकतं, बारीक फेस येतो, वास नाकात जरा टोचतो आणि धुराची पहिली बारीक रेघ दिसते. १९० च्या पुढे धूर निळसर, डोळ्यांना झोंबतो, मग वाचवता येत नाही. आणि १७० ते १९० हे अंतर मिनिटभरात संपतं, लक्ष दुसरीकडे गेलं की गेलं.

थर्मामीटरचं सांगतो. १०० ग्रॅम वितळलेली साखर साधारण ६५ मिली होते. २४ सेंमीच्या पॅनमध्ये ती पसरली की थर जेमतेम दीड मिमी. टोचायच्या टोकाला बुडायला जागाच नाही, ते अर्धं हवेत आणि अर्धं साखरेत, म्हणून १४० दाखवतं. थर्मामीटर बहुतेक बरा आहे, पण या कामाला तो चालत नाही, अर्धा किलो साखर असेल आणि थर खोल असेल तरच. तुमच्यासाठी पांढरी ताटली हाच थर्मामीटर, चमच्याने थेंब टाकून बघा.

आणि उतरवायचं लवकर. पॅन गॅसवरून काढल्यावरही जाड बुड साखरेला तापवत राहतं, रंग आणखी एक पायरी चढतो. म्हणून कोरा चहा दिसायला लागला की लगेच उतरवा आणि डब्यात ओता. पॅन हातात धरून वाट बघायची वेळ आलीच तर बुड गार पाण्यात दोन-तीन सेकंद टेकवा, जास्त ठेवलं तर तळाला दगड होईल.

चिक्कीवाली_ग्वाल्हेर

मी संक्रांतीला शेंगदाण्याची चिक्की करते, कोरडी साखर वितळवूनच. मला मधाच्या रंगालाच उतरवायला सांगितलंय माझ्या आत्यानं. मग मी इतकी वर्षं चूक करतेय का?

भट्टी_घरची

नाही ताई. चिक्कीत दाण्यांची स्वतःची भाजकी चव असते, तिथे मधाचा रंग पुरे. पुडिंगमध्ये दूध-अंड्याचं गोड वर येतं, त्याला तोंड द्यायला चहाचा रंग लागतो.

रसायन_मास्तर

एक शंका. आमच्याकडे बारीक दाण्याची साखर वेगळी मिळते, ती सारखी वितळते असा माझा अनुभव आहे, मिक्सरमध्ये थोडी फिरवली तरी चालते. पिठीसाखर मात्र नको, तयार पाकिटात बऱ्याचदा मक्याचं पीठ असतं, ते जळतं. आणि कोणाला पिवळसर, सल्फरविना केलेल्या साखरेचा अनुभव आहे का? माझ्याकडे ती लवकर रंगते, पण तिचा मूळ रंगच तसा असल्यामुळे कोणत्या पायरीला आहे ते कळत नाही.

भट्टी_घरची

मास्तर, बारीक दाण्याचं बरोबर आहे. मिक्सरमध्ये दोन सेकंदांपेक्षा जास्त नको, धूळ झाली तर ती आधी जळते. पिवळसर साखर वापरून बघितली नाही कधी.

सई_इंदूर

परत आले. आज पाठोपाठ दोनदा केलं. आईची स्टीलची पतीली घेतली, छोटा बर्नर, तीन भाग. पहिल्या वेळी दुसरा भाग घाईने घातला, खडे झाले, तरी सात मिनिटांत रंग आला आणि खडे गाळून ओतलं. थेंब चाखला तर कडू नाही! दुसऱ्या वेळी वास बदलला ते स्पष्ट कळलं, साखरेचा वास जाऊन एकदम भाजक्या शेंगदाण्यासारखा आला, तिथेच उतरवलं. ओतेपर्यंत रंग गडद झाला, तुम्ही म्हणालात तसाच. भट्टीदादा, खूप खूप आभार.

बाबांनी दोन्ही चाखले. त्यांना दुसरं, गडद जास्त आवडलं. नवरा म्हणतो पहिलं. आता रविवारी कोणता रंग ठेवायचा ते ठरत नाहीये. आणि एक विचारायचं होतं, गार झाल्यावर डबा उलटा केला तर अर्धं कॅरमेल तळालाच काचेसारखं चिकटून राहिलं. हे कशामुळे?

भट्टी_घरची

किती वेळ फ्रिजमध्ये होतं?

सई_इंदूर

तीन तास.

भट्टी_घरची

तेवढ्यात नाही होणार. पुडिंगमधलं पाणी हळूहळू ती काच विरघळवतं, त्याला रात्रभर लागते. शनिवारी दुपारीच करून ठेवा. गार झाल्यावर झाकण लावून फ्रिजमध्ये, आणि रविवारी काढताना डब्याचं बूड कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरा. रंगाचं म्हणाल तर बाबांची पंचाहत्तरी आहे, त्यांना आवडतो तोच करा.