अनुभव धागा: रोज पोहणाऱ्याला गॉगल, टोपी, बॅग भेट देताना माप कसं काढलंत?

रेवा
बाबांचा एकसष्ठावा वाढदिवस पुढच्या महिन्यात. सकाळी सहाची बॅच ते पावसातही चुकवत नाहीत. गेल्या वर्षी मी छान दिसणारा गॉगल आणला, तो दोनदा घातला आणि कपाटात गेला. जुनाच फाटका लावतात. विचारलं की म्हणतात, "मला काही नको." त्यांना न विचारता बरोबर वस्तू आणलेल्यांनी सांगा, कशी आणलीत?

चिन्मय
आरशासारख्या काचेचा महागातला घ्या. पाणी शिरलं तर पट्टा एक घर आवळायचा, संपलं.

पाणकोंबडी
आमची नात पाच वर्षांची, तिला हातात घालायचे फुगे घेतले होते. पहिल्या दिवशी रडली, पण आता छान पोहते.

रेवा
काकू, बाबा एकसष्ठ वर्षांचे होणार आहेत हो :)

सुहास
बावीस वर्षं पोहतोय, मास्टर्स स्पर्धांनाही जातो. चिन्मय, पट्टा आवळून गळती क्वचितच थांबते. बऱ्याचदा रबर दुमडतं आणि वाढतेच. गॉगल डोळ्याच्या खोबणीत बसायला हवा, पट्टा त्याला नुसता जागेवर ठेवतो. दुकानात पट्टा न लावता काचा डोळ्यांवर हलक्या दाबायच्या आणि हात सोडायचा. दोन-तीन सेकंद चिकटून राहिला तर माप जुळलं. आता बाबांचा चेहरा दुकानात नेता येणार नाही, म्हणून जुना गॉगल बघा. आणि ते टँकवरून आले की चेहरा बघा. वळ कुठे दिसतात? पाणी कुठून शिरतं म्हणतात?

रेवा
आज मी आणलेला गॉगल त्यांना घालायला लावून मुद्दाम बघितलं. त्याने नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल वळ, बाहेरच्या कडेला काहीच नाही. डाव्या डोळ्यात नाकाकडून पाणी येतं म्हणाले.

सुहास
मग नाकावरचा पूल अरुंद पडतोय. आतली कड नाकावर चढते आणि तिथे फट राहते. जुन्या गॉगलच्या दोन काचांमधलं अंतर पट्टीने मोजा आणि तेवढाच पूल असलेला घ्या. अजून सोपं म्हणजे तीन मापांचे सुटे पूल डब्यातच येतात तो गॉगल घ्या, मग अंदाज करायलाच नको. टँक उघडा असला तरी सहा वाजता उजेड कमीच असतो. आरशाची काच त्यांना अजून काळोख दाखवेल. साधी पारदर्शक घ्या.

मनीषा
चष्मा आहे का त्यांना? माझ्या नवऱ्याला पलीकडच्या भिंतीवरचं घड्याळ दिसायचं नाही. नंबरचा गॉगल दिला, तेव्हापासून स्वतःची वेळ मोजतो आणि घरी येऊन आम्हाला ऐकवतो.

रेवा
आहे! उजवा -३.५०, डावा -२.५०, दोन्हीला सिलिंडर -०.५०.

मनीषा
मग दोन्ही काचा सुट्या निवडता येतात तसाच घ्या, एकाच नंबरच्या जोडीत एक डोळा धुरकट राहील. तयार काचा अर्ध्या-अर्ध्या नंबरने मिळतात, सिलिंडर नसतो. आमच्या चष्मेवाल्याने सांगितलं की सिलिंडरचा निम्मा भाग मूळ नंबरात मिळवा आणि मधला आला तर कमीकडे जा. म्हणजे ३.७५ चा साडेतीन, २.७५ चा अडीच. जवळचं वाचता येणार नाही, पण टँकमध्ये वाचायचं काय आहे?

गौरी_ठाणे
माझी गोष्ट उलटी. माझे केस कमरेपर्यंत. धाकट्या दिराने साधी सिलिकॉनची टोपी दिली, अंबाड्यावर चढेचना आणि चढली की कपाळ ठणकायचं. लांब केसांसाठी मागे फुगीर असलेली वेगळी टोपी येते. लेटेक्सची स्वस्त असते, पण केस उपटते आणि काहींना तिची अ‍ॅलर्जीही असते.

रेवा
बाबांना टक्कल आहे, टोपी डोक्याला चिकटून ओढते म्हणतात.

गौरी_ठाणे
मग कापडाची, लायक्राची. पाणी आत जातं, पण त्यांना केस थोडेच कोरडे ठेवायचेत. आधी टँकवर चालते का ते बघ.

चिन्मय
बॅग तरी वॉटरप्रूफ घ्या.

सुहास
बाहेरून ठीक आहे, पण ओली चड्डी-टॉवेल त्यात बंद राहिला की दुपारपर्यंत कुबट वास. जाळीची पिशवी घ्या, पाणी निथळतं. बाबा फिन्स नेतात का? मोठा फिन तिरका न करता मावला पाहिजे आणि लॉकरचं तोंडही बघा.

मनीषा
मी मात्र जाळीची घेणार नाही. आमचे हे टँकवरून थेट ऑफिसला जातात, कोरडे कपडे भिजतील. ओल्याचा वेगळा कप्पा असलेली बॅग हवी, आणि घरी आल्यावर तो उघडून वाळत टाकायचा.

सुहास
वाळत टाकतो कोण?

मनीषा
मी :(

रेवा
बाबा चालत घरीच येतात आणि फिन्स नाहीत, म्हणजे जाळीची चालेल. गॉगल सुट्या पुलांचा आणि नंबरचाही, असा एकच मिळेल का? मी शोधते तो एकतर हा असतो नाहीतर तो.

सुहास
दोन्ही एकत्र कमीच दिसतात. मी आधी नंबर घेतला असता. पण नाकाला घट्ट बसला तर पुन्हा कपाटातच जाईल, म्हणून दुकानदाराकडून बदलून मिळण्याचं बिलावर लिहून घ्या. घालून पाहिलेला गॉगल बऱ्याच ठिकाणी परत घेत नाहीत.