मदत हवी आहे: गाढव सकाळपासून मान टाकून उभं आहे, पण लोळत नाही. पोटशूळ असेल का?

भट्टीवरचा (सकाळी 9.10)
माझ्या साळ्याचं गाढव आहे, कामठीजवळच्या वीटभट्टीवर. वय पंधरा-सोळा तरी असेल. काल दुपारपर्यंत विटा वाहिल्या. संध्याकाळी कुटार टाकलं तर नुसतं तोंड घातलं अन् बाजूला झालं. आज सकाळपासून भिंतीकडे तोंड करून उभं आहे, कान आडवे पडलेत. रात्री चार-पाच गोळ्या लीद टाकली होती, कडक, वरून शेंबडासारखा पापुद्रा. त्यानंतर काही नाही.

लोळणं, पाय आपटणं असलं काही नाही, म्हणून साळा म्हणते थंडी भरली. भट्टीवरचे म्हणून राहिले की बाटलीनं अर्धा लिटर गोडेतेल पाजा. डॉक्टर काटोलकडे गेलेत, दोन तास लागतील म्हणाले. तोवर काय करू? तेल पाजू का?

इतवारीचा घोडीवाला (9.22)
पोटशूळच आहे. माझ्या वरातीच्या घोडीला दोनदा झाला. खाणं उचल आणि चालवत राहा. डॉक्टर येईपर्यंत थांबू द्यायचं नाही, बसू तर अजिबात द्यायचं नाही. बसलं की आतडं पिळतं. आमच्या आजोबांनी एका घोड्याला रात्रभर फिरवून वाचवला होता.

मोर्शीकर (9.31)
आमच्या गाईला मागच्या महिन्यात असंच झालं. डावी कूस ढोलासारखी फुगली होती. गोडेतेल पाजलं, अर्ध्या तासात ढेकर आले, गाय मोकळी. घाबरू नका, पाजा बिनधास्त.

जुना पट्टीबंधक (9.38)
तेल पाजू नका. बाटली बाजूला ठेवा, मग बाकीचं वाचा.

मोर्शीकर, तुमच्या गाईचा गॅस होता. गाय ढेकर देते, गाढव-घोड्याला ढेकरही येत नाही आणि उलटीही होत नाही. जठर भरलेलं असलं तर वरून ओतलेलं आणखी ताणतं. शिवाय मान वर करून ओतलेलं तेल श्वासनळीत गेलं तर फुफ्फुस जातं, आणि तेलानं खोकलाही नीट येत नाही, त्यामुळे आपल्याला कळतही नाही. पोट मोकळं झालेलं आणि तरी चार दिवसांनी न्यूमोनियानं गेलेलं जनावर मी पाहिलंय. तेल द्यायचंच तर डॉक्टर नाकातून जठरापर्यंत नळी घालून देतील.

आता लोळण्याचं. घोडा दुखलं की तमाशा करतो. पायानं माती उकरतो, वळून कुशीकडे बघतो, घाम फुटतो, आडवा पडून लोळतो. गाढव सोसतं. खाणं सोडणं, मान टाकणं, कळपापासून बाजूला उभं राहणं, एवढंच दाखवतं. ज्या दिवशी गाढव लोळायला लागतं त्या दिवशी बहुतेक उशीर झालेला असतो. त्यात तुम्ही सांगितलेली लीद, म्हणजे कडक आणि वर पापुद्रा, मला आतडं तुंबल्यासारखी वाटते.

आता चार गोष्टी बघून लिहा. डाव्या कोपराच्या मागे हात किंवा कान लावून एका मिनिटाचे ठोके मोजा. ओठ उचलून हिरडीचा रंग बघा, बोटानं दाबा आणि रंग किती वेळात परत येतो ते बघा. दोन्ही कुशींना कान लावून एकेक मिनिट ऐका, गुडगुड येते का. आणि कालच्या गोळ्या जपून ठेवा, डॉक्टरांना दाखवायला.

भट्टीवरचा (10.05)
ठोके दोनदा मोजले. एकदा 58, एकदा 56. हिरडी फिकट गुलाबी, थोडी चिकट. दाबल्यावर रंग यायला दोन-तीन सेकंद लागले. डाव्या बाजूला अगदी बारीक गुडगुड, उजवीकडे एक मिनिटभर काहीच नाही. कान थंड आहेत. कुटार उचललं. पाणी ठेवलंय, पण तोंड लावत नाही.

जुना पट्टीबंधक (10.14)
निवांत उभ्या गाढवाचे ठोके साधारण 40 ते 50. म्हणजे वाढलेत, पण फार नाही. 60 च्या वर जाऊन तिथंच राहिले, किंवा हिरडी गडद लाल, जांभळी दिसू लागली, तर डॉक्टरांना पुन्हा फोन करून तसं सांगा आणि वाट न बघता गाडी ठरवा. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे. 1962 वरही फोन लावून ठेवा.

तोवर पाणी कोमट करून ठेवा, या दिवसात सकाळचं टाक्यातलं पाणी बर्फासारखं असतं. नाकातून काही गळत नसेल तर पिऊ द्या. पाठीवर पोतं टाका. हळूहळू दहा मिनिटं चालवा, मग थांबवा. शांत बसायचं असेल तर बसू द्या. लोळायला लागलं तरच उठवा, तेही स्वतः लाथेच्या टप्प्यात न येता. दर अर्ध्या तासाला ठोके आणि वेळ कागदावर लिहा.

इतवारीचा घोडीवाला (10.20)
दादा, मग आजोबांचा घोडा वाचला तो कसा? बसू देणं मला पटत नाही.
माझ्याकडे दुखण्याचं इंजेक्शन उरलेलं आहे. अर्धा तास लागेल, घेऊन येऊ का?

जुना पट्टीबंधक (10.27)
चालल्यानं गॅस सुटतो, त्यानं बरेच वाचतात, तुमचं तेवढं खरं. पण रात्रभर फिरवलेला घोडा थकतो, त्याच्यात पाणी उरत नाही. आणि शांत बसल्यानं आतडं पिळत नाही.
इंजेक्शन आणू नका. दुखणं झाकलं की ठोकेही खाली येतात, आणि डॉक्टरांना आतलं खरं कळत नाही. दिलंच असेल कुणी, तर नाव आणि वेळ लपवू नये.

भट्टीवरचा (दुपारी 1.50)
डॉक्टर साडेअकराला आले. तोवरचे ठोके 56, 60, 58. कागद बघून त्यांनी आधी नाकातून नळी घातली. उलटं पाणी आलं नाही, हे चांगलं म्हणाले. मग हात घालून तपासलं. डावीकडं आतडं पिठाच्या गोळ्यासारखं भरलेलं हाताला लागलं. दुखण्याचं इंजेक्शन शिरेतून दिलं, नळीनं पाणी आणि लिक्विड पॅराफिन सोडलं, सलाईन लावलं. आता कान थोडे उभे झालेत. लीद अजून नाही.

एक विचारायचं राहिलं. गव्हाणीत कुटाराचे चावून टाकलेले ओले गोळे सापडले, लिंबाएवढे. साळा म्हणतो ते तर महिनाभरापासून दिसतात.

जुना पट्टीबंधक (2.15)
मग दात बघायला लावा. दाढा झिजल्या किंवा टोकदार झाल्या की कोरडं कुटार बारीक होत नाही, तसंच पोटात जातं आणि वळणावर अडतं. थंडीत पाणी कमी, त्यात हे. प्लास्टिकही असू शकतं, भट्टीच्या आजूबाजूला काय पडलेलं असतं सगळ्यांना माहीत आहे. बाहेर आल्यावरच कळेल.

लीद सुरू झाली की डॉक्टरांना विचारून भिजवलेला कोंडा किंवा हिरवा चारा थोडा-थोडा द्या. गाढवाला दोन-तीन दिवस उपाशी ठेवणं घोड्यापेक्षा जड जातं, अंगातली चरबी रक्तात उतरते आणि त्यातून जनावर जातं. म्हणून उद्या सकाळीही खात नसेल तर थांबू नका.

मोर्शीकर (2.40)
तेलाचं माझं चुकलंच. पण मग गाईला तरी बाटलीनं पाजायचं की नाही?

भट्टीवरचा (रात्री 8.35)
साडेसातला लीद पडली. सहा गोळ्या, तेलकट, आत लांब-लांब काड्या, काही बोटाएवढ्या. प्लास्टिक दिसलं नाही. ठोके 48. सलाईनवालं पोरगं म्हणते सकाळपर्यंत बघू. साळा मात्र अजून म्हणतेच की थंडी भरली होती.