शब्दचर्चा: ईसीजीच्या नोंदीत ‘रिदम’ला लय म्हणावं की ताल?

रानवेल: तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे. केसपेपर इंग्रजीत असतो, पण डिस्चार्ज कार्डावर चार ओळी मराठीत लिहितो, कारण घरचे लोक तेच कार्ड घेऊन पुढच्या डॉक्टरकडे जातात. काल ६८ वर्षांचे एक गृहस्थ धाप लागते म्हणून आले. त्यांच्या ईसीजीबद्दल लिहिलं : ‘वेग ११४, लय अनियमित, अक्ष डावीकडे. ईसीजी अ‍ॅबनॉर्मल.’ पण ‘लय’ शब्द मनाला पटेना. रिदमला काय लिहावं?

तिहाई: लय नकोच. विलंबित, मध्य, द्रुत या लयी आहेत, म्हणजे लय हाच वेग झाला. तुम्ही वेग आधीच लिहिलाय. ठोके कोणत्या बांधणीत पडतात ते सांगायचं असेल तर ताल.

आप्पा_साताऱ्याचे: आमच्याकडं ‘लय अनियमित’ म्हणजे खूप अनियमित! घरचे तसंच वाचणार.

स्टेथो: आप्पा, चुकून नेमकं बोललात. इथं तो अनियमितपणा खरोखर ‘लय’ असणार. नुसत्या ‘अनियमित’ शब्दात दोन वेगळ्या गोष्टी मावतात. मूळ ताल नीट चालू असताना मध्येच एखादा ठोका आगाऊ येतो, मग थोडी विश्रांती आणि पुन्हा ठेका सुरू. तो एक प्रकार. दुसऱ्यात कुठलीच दोन अंतरं जुळत नाहीत, ठेका सापडतच नाही. कागदाची कड दोन आर टोकांना लावून खुणा करा आणि पुढे सरकवत न्या. पहिल्या प्रकारात खुणा पुन्हा जुळतात, दुसऱ्यात कधीच नाही. रानवेल, पी लाटा दिसल्या का? आणि ११४ कसे काढले? मशीननं छापलेले?

आप्पा_साताऱ्याचे: सोपं आहे की. दोन ठोक्यांमधले मोठे चौकोन मोजायचे आणि ३०० ला त्यानं भागायचं. मेव्हणा टेक्निशियन आहे.

स्टेथो: ताल नियमित असेल तर मेव्हण्याचं बरोबर. इथं एका ठिकाणी अंतर दोन चौकोन म्हणजे १५०, पुढे चार चौकोन म्हणजे ७५. खरं कुठलं धरणार? अशा वेळी दहा सेकंदांच्या लांब पट्टीतले सगळे क्यूआरएस मोजायचे आणि सहानं गुणायचं.

रानवेल: तसेच काढले. १९ भरले. पी लाटा कुठेच नाहीत, मधली रेघ बारीक थरथरलेली. कागद सरकवून पाहिला, एकदाही जुळलं नाही.

मुक्ता: मध्येच विचारते. आईच्या रिपोर्टवरही ‘अक्ष डावीकडे’ असं होतं. हृदय डावीकडे सरकलंय का? आम्ही दोन दिवस झोपलो नव्हतो.

स्टेथो: नाही हो. अक्ष म्हणजे खालच्या कप्प्यांत पसरणाऱ्या विजेची एकूण दिशा, हृदयाची जागा नव्हे. आईंच्या अक्षाचा अर्थ त्यांना तपासणाऱ्यांनाच विचारा. पण रानवेल, ‘अक्ष डावीकडे’ ही अर्धीच नोंद झाली. लीड १ मध्ये क्यूआरएस वर आणि एव्हीएफमध्ये खाली, एवढ्यावर लिहिलंत ना? मग लीड २ पाहा. तिथं वर असेल तर अक्ष उणे ३० अंशांच्या आत, म्हणजे मोठ्यांमध्ये तो नॉर्मलच. खाली असेल तरच ‘कललेला’ म्हणा.

रानवेल: लीड २ मध्येही खालीच आहे. आता असं लिहिलं :

‘ठोके मिनिटाला सरासरी ११४. ताल पूर्ण विस्कळीत, पी लाटा नाहीत. अक्ष उणे ३० अंशांपलीकडे डावीकडे कललेला. निष्कर्ष : एट्रियल फिब्रिलेशन, ठोके जलद. तुलनेला जुना ईसीजी नाही.’

स्टेथो: हे चालेल. ‘ईसीजी अ‍ॅबनॉर्मल’ काढलंत ते बरं, तो निष्कर्ष नव्हताच. जुना ईसीजी नाही हे वाक्य ठेवाच, नाहीतर पुढचा डॉक्टर हा अक्ष नवा समजून बसेल.

तिहाई: ‘पूर्ण विस्कळीत’पेक्षा ‘बेताल’ नेमका नाही का?

मुक्ता: ‘बेताल’ वाचून आई म्हणेल, मी काय वाट्टेल ते बोलते का?

आप्पा_साताऱ्याचे: आणि फिब्रिलेशन कुणाला कळणार? ‘वरच्या कप्प्यांचा कंप’ लिहा की.

स्टेथो: कंप धोक्याचा. हात थरथरणाऱ्या पेशंटच्या ईसीजीतही रेघ अशीच दिसते आणि मशीन कधीकधी तिथं फिब्रिलेशन छापतं. तिथं ठोक्यांची अंतरं सारखी असतात आणि एखाद्या स्वच्छ लीडमध्ये पी लाट सापडते, म्हणून चूक पकडता येते. पण कार्डावर नुसतं ‘कंप’ वाचलं तर घरचे हातांकडे बघतील.

तिहाई: मग ‘थरथर’?

स्टेथो: तीच अडचण. मी अजून तरी फिब्रिलेशनच लिहितो.

रानवेल: मीही आज तेच ठेवलं. शेजारी ‘हृदयाच्या वरच्या कप्प्यांची थरथर, हातांची नव्हे’ असं लिहिलं, तर मुलगा म्हणाला, अहो, बाबांचे हातपण थरथरतात. आता पुन्हा ईसीजी काढतोय, या वेळी हात मांड्यांखाली घालून.