पार्किंगच्या सोडतीसाठी सार्वजनिक रँडम बीकन: कुठलं घ्यावं आणि कसं वापरावं?

बावधनकर
आमच्या सोसायटीत छताखालच्या पार्किंगच्या १८ जागा आहेत आणि अर्ज आलेत ४३. दरवर्षी चिठ्ठ्या टाकतो. गेल्या वर्षी चिठ्ठ्या सेक्रेटरींच्याच घरी तयार झाल्या, त्यांनाच जागा लागली, आणि ग्रुपवर दोन महिने जे काही चाललं ते इथे लिहीत नाही. सात-आठ मालक परदेशात आहेत, ते म्हणतात आम्ही कशावर विश्वास ठेवायचा?

कुठेतरी वाचलं की ठरलेल्या वेळी आपोआप नवा रँडम आकडा जाहीर करणाऱ्या सार्वजनिक सेवा असतात आणि तो आकडा खरा की खोटा हे कोणालाही तपासता येतं. अमेरिकेच्या निस्ट या सरकारी मानक संस्थेचं एक बीकन आहे, ड्रँड नावाचं दुसरं. कोणी वापरलंय का? सोडत रविवार ५ एप्रिल २०२६ ला सकाळी ११ वाजता आहे.

सदू_डोंबिवली
चिठ्ठ्या सगळ्यांसमोर करा, स्टीलच्या डब्यात टाका, वॉचमनच्या मुलीला उचलायला सांगा. ४३ माणसांसाठी अमेरिका कशाला मध्ये आणताय?

अरुंधती_म
म्हाडाच्या सोडतीतही हेच वापरतात का? आमचा अर्ज तिसऱ्यांदा गेला. यात आधी आकडा कळायची काही सोय असेल तर सांगा.

बावधनकर
अरुंधतीताई, हा धागा सोसायटीच्या पार्किंगचा आहे. आणि आकडा आधी कळला तर सगळाच कारभार आटोपला!

टेकगुरू९९
सोपं आहे. ड्रँडचा एपीआय उघडा, `latest` मारा, जो आकडा येईल तो घ्या. सोबत डिजिटल सही येते, तिचा एसएचए-२५६, म्हणजे मजकुरावरून निघणारा ठरावीक लांबीचा ठसा, काढा. तो आकड्याशी जुळला की सिद्ध झालं. शिवाय हाच आकडा सोसायटीच्या वायफायचा पासवर्ड करायलाही वापरता येईल, इतका रँडम दुसरीकडे मिळणार नाही.

प्रणव_के
मी काही वर्षं फाइलकॉइन या ब्लॉकचेनचा नोड चालवला आहे. पुढचा ब्लॉक कोणी करायचा याची निवड तिथे ड्रँडच्या आकड्यावरच होते, त्यामुळे याच्याशी रोजचा संबंध होता. टेकगुरूंची निम्मी गोष्ट बरोबर आहे, पण उरलेल्या निम्म्यात सोडत बुडेल.

पासवर्डचं आधी संपवतो. हा आकडा साऱ्या जगाला त्याच क्षणी दिसतो. तो गुपित म्हणून कधीही वापरू नका. निस्टनेही आपल्या बीकनबद्दल हे बजावून ठेवलं आहे.

आता `latest`. ड्रँडच्या क्विकनेट नावाच्या आकड्यांच्या साखळीवर दर ३ सेकंदांनी नवा आकडा येतो. 'अकराच्या सुमारास बटण दाबू' असं ठरवलं, तर बटण कधी दाबायचं हे सेक्रेटरींच्या हातात राहतं. एका आकड्यात त्यांना जागा लागायची शक्यता ४३ पैकी १८, म्हणजे साधारण ४२ टक्के. मनासारखा निकाल येईपर्यंत गुपचूप पाच आकडे पाहून घेतले, तर तीच शक्यता ९३ टक्क्यांवर जाते, आणि त्याला लागतात पंधरा सेकंद. ग्रुपवर जो आकडा टाकतील तो अगदी अस्सल असेल, सहीसुद्धा जुळेल.

म्हणून फेरीचा क्रमांक आधी जाहीर करायचा. ड्रँडच्या प्रत्येक आकड्याला फेरी असते आणि कुठल्या वेळी कितवी फेरी हे आजच काढता येतं. क्विकनेटची पहिली फेरी 1692803367 या युनिक्स सेकंदाला, म्हणजे १९७० च्या सुरुवातीपासून मोजलेल्या सेकंदाला झाली. तुमची वेळ, भारतातले सकाळचे ११, म्हणजे 1775367000.

```
(1775367000 - 1692803367) / 3 + 1 = 27521212
```

भागाकार पूर्ण सुटतो, म्हणजे ही फेरी बरोबर ११:००:०० ची आहे. नोटिशीत हा क्रमांक छापा. त्या क्षणापर्यंत आकडा कोणाकडे नसतो आणि त्यानंतर तो कोणाला बदलता येत नाही.

टेकगुरू९९
पण एसएचए जुळला तर आकडा खराच ना?

प्रणव_के
नाही. मी मनानेच एक खोटी सही लिहितो, तिचा एसएचए काढतो आणि दोन्ही तुम्हाला पाठवतो. जुळणारच. खरी तपासणी म्हणजे ती सही त्या साखळीच्या जाहीर चावीने पडताळणे. ड्रँडची तयार लायब्ररी ते करून देते. सभेपुरतं एवढंही चालेल की तीन वेगवेगळ्या सभासदांनी आपापल्या फोनवर वेगवेगळ्या सर्व्हरवरून (`api.drand.sh`, `api2.drand.sh`, `drand.cloudflare.com`) तीच फेरी उघडायची. ज्याला शंका असेल त्याने नंतर घरी बसून सही पडताळावी, आकडा कुठे पळून जात नाही.

बावधनकर
निस्ट का नको? सरकारी आहे, सभासदांना पटकन पटेल.

प्रणव_के
वाईट मुळीच नाही. २०१३ पासून चालू आहे, दर मिनिटाला ५१२ बिटांचा आकडा सहीसकट येतो, आणि आतल्या यंत्रात तयार झालेल्या पुढच्या आकड्याचा ठसा आधीच जाहीर करून तो बांधून ठेवलेला असतो. पण चालवणारी संस्था एक. ड्रँड २०१९ मध्ये क्लाउडफ्लेअर, स्वित्झर्लंडचं ईपीएफएल, कुडेल्स्की सिक्युरिटी, चिली विद्यापीठ आणि प्रोटोकॉल लॅब्ज यांनी मिळून सुरू केलं, पुढे आणखी संस्था आल्या. सही करायच्या चावीचे तुकडे सगळ्यांकडे वाटलेले आहेत आणि निम्म्याहून जास्त जणांनी हात लावल्याशिवाय आकडा तयार होत नाही.

आणखी एक व्यवहाराचा फरक. ११ वाजता ड्रँड बंद असेल तर फक्त थांबायचं. त्या फेरीची सही गणिताने एकच असू शकते. दुपारी दोनला आली तरी तीच येणार. निस्टचा चुकलेला मिनिट मात्र मागाहून तयार होत नाही, म्हणून 'तो आला नाही तर कुठला' हे नोटिशीत आधी लिहावं लागतं, नाहीतर भांडणाला जागा उरते.

निशिगंधा
प्रणव, दुसरी बाजूही सांगा की. क्विकनेटवर फेरीची सही मागच्या आकड्यावर अवलंबून नाही, फक्त क्रमांकावर आहे. निम्म्याहून जास्त भागीदार एकदा जरी संगनमताने बसले तर त्यांना पुढच्या सगळ्या फेऱ्या आजच काढता येतील, आणि बाहेर कोणाला पत्ताही लागणार नाही. आकडा त्यांना *निवडता* येणार नाही, पण *आधी कळू* शकतो. आणि यादी गोठवण्याआधी कळला तर तेवढंही पुरतं.

प्रणव_के
मान्य. गुणही तोच आणि दोषही तोच. पुढच्या फेरीची सही आज कोणाकडे नसते म्हणूनच 'अमुक वेळेआधी उघडू नये' असा मजकूर ड्रँडवर कुलूपबंद करता येतो. बंद निविदांसाठी लोक ते वापरतात.

निशिगंधा
मी असते तर निस्ट आणि ड्रँड दोन्हीचे आकडे एकत्र करून एसएचए काढला असता.

प्रणव_के
मग कुठला नंतर जाहीर होतो ते पाहावं लागेल. नंतर येणाऱ्याला पहिला आकडा दिसलेला असतो. निस्ट आधीच बांधील असतं, पण नको तो मिनिट 'गाळण्याची' सोय त्यांना उरते. पार्किंगसाठी एवढं करू नये असं माझं मत.

निशिगंधा
माझं मत वेगळं आहे, पण असो.

विद्याताई_नाशिक
मध्येच माझी अडचण विचारते. आमची संस्था शाळांच्या पोषण आहाराची पाहणी करते. १६० शाळांपैकी ८ ठिकाणी न सांगता जायचं असतं. 'तुम्ही मुद्दाम आमचीच शाळा निवडली' ही तक्रार दरवेळी येते. हे वापरलं तर चालेल?

प्रणव_के
चालेल, पण तुमचा पेच पार्किंगच्या उलटा आहे. यादी, नियम आणि फेरी सगळं जाहीर केलंत तर आकडा येताच मुख्याध्यापकांनाही कळेल की उद्या पाहुणे येणार. म्हणून यादीच्या फाइलच्या वरच्या ओळीत एक लांब गुप्त शब्द टाका, आधी फक्त फाइलचा एसएचए जाहीर करा, आणि निवड त्या गुप्त शब्दासकट करा. भेटी आटोपल्या की फाइल उघड करायची. मग ज्याला हवं त्याने गणित पुन्हा करून पाहावं.

विद्याताई_नाशिक
म्हणजे गुप्त शब्द आकडा यायच्या आधी ठरलेला हवा. समजलं. तो शब्द कार्यालयातून फुटला तर?

प्रणव_के
तर मात्र बीकन काही करू शकत नाही.

बावधनकर
एका आकड्यातून १८ जागा कशा काढायच्या? आकड्याला ४३ ने भागून बाकी घ्यायची का?

प्रणव_के
तसं केलं तर एकच नाव मिळेल. प्रत्येक सदनिकेसाठी 'आकडा:सदनिका' याचा एसएचए काढा, लहानापासून मोठ्याकडे लावा, पहिले १८ घ्या. पुढचे आपोआप प्रतीक्षायादी होतात. `R` मध्ये त्या फेरीचा `randomness` टाकायचा.

```
while read -r f; do
  h=$(printf '%s:%s' "$R" "$f" | sha256sum | cut -c1-64)
  echo "$h $f"
done < yadi.txt | sort
```

गाडी अडते ती इथे, बीकनपाशी नाही. `A-101` आणि `A101` हे यंत्राला वेगळे. विंडोजवर फाइल सेव्ह केली तर प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं अक्षर चिकटतं आणि अख्खा निकाल बदलतो. शेवटच्या ओळीनंतर एंटर दाबलेलं नसेल तर ती सदनिका या कोडमधून गुपचूप गळते, एरर येत नाही. म्हणून निकालाच्या ओळी मोजा, ४३ हव्यात. आणि `sha256sum yadi.txt` चं उत्तर नोटिशीत छापा, म्हणजे सगळे एकाच फाइलवर काम करतायत हे कळेल. ही तालीम आधीच्या रविवारी एखाद्या जुन्या फेरीवर करून घ्या.

बावधनकर
मसुदा असा केलाय:

'यादी २८ मार्चला गोठली. yadi.txt चा एसएचए सोबत आहे. ड्रँड क्विकनेट, फेरी 27521212, ५ एप्रिल, ११:००. आकडा उशिरा आला तर थांबू, फेरी बदलणार नाही. वरचा कोड जसाच्या तसा. पहिल्या १८ सदनिकांना जागा.'

प्रणव_के
साखळीची ओळखही पूर्ण छापा. नेटवरच्या जुन्या लेखांत फास्टनेट नावाची आता बंद केलेली साखळी सापडते, कोणीतरी तीच उघडून बसेल.

```
curl https://api.drand.sh/52db9ba70e0cc0f6eaf7803dd07447a1f5477735fd3f661792ba94600c84e971/public/27521212
```

आणि नोटीस फक्त फलकावर नको, ग्रुपवर आणि ईमेलवरही टाका. वेगवेगळ्या फेऱ्यांच्या दोन नोटिसा तयार ठेवून नंतर सोयीची दाखवायची, हाही एक मार्ग असतो.

सदू_डोंबिवली
एवढं सगळं करून ज्यांना जागा लागली नाही ते म्हणणारच की कॉम्प्युटरने घोळ केला. डबा निदान डोळ्यांना दिसतो.

बावधनकर
सदूभाऊ, न्यू जर्सीच्या पाटलांना डबा दिसत नाही ना, तिथेच तर सुरुवात झाली. डबा हॉलमध्ये ठेवतो, तुमच्या समाधानासाठी. एकच राहिलं: यादी गोठल्यावर कोणी गाडी विकली तर नाव काढायचं की निकालानंतर प्रतीक्षायादीतल्या पुढच्याला द्यायचं?

निशिगंधा
यादीला हात लावू नका. निकालानंतर पुढच्याला द्या, आणि हे वाक्यसुद्धा नोटिशीत आजच घाला.